पुरवठा करण्याजोग्या राहिल्या नाहीत

शकू रडली नाही, ही माझी काळजी आहे. वादळात तिच्या कारखान्याचं छप्पर गेलं, खालच्या मूर्ती गेल्या, आणि या सगळ्या दिवसांत ती एकदाही रडलेली नाही. फोनवर विचारलं तर सांगते, जेवले, झोपले, मामंजी बरे आहेत. खोटं काही बोलत नाही. पण आवाज असा येतो की कुणीतरी लिहून दिलेलं वाचून दाखवतंय. मी भांडी घासते, तुळशीला पाणी घालते, तिच्या बाबांच्या गोळ्या काढून ठेवते, आणि तो आवाज कानात तसाच असतो.

शकू माझी एकुलती मुलगी. रोह्यात वाढली. तिचे बाबा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे आणि मी दुसऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात पत्रव्यवहार बघायचे. मी बी.कॉम. झालेली, इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिलेली. आमच्या कंपनीला माल पुरवणारे लोक अडचणीत आले की त्यांची पत्रं माझ्या टेबलावर यायची. त्यामुळे पत्र कसं वाचलं जातं हे मला ठाऊक आहे. लिहिणाऱ्याला जे सांगायचं असतं ते कुणी वाचत नाही. त्याच्याविरुद्ध वापरता येईल असं काय आहे, ते आधी वाचतात.

शकूला यातलं काही आवडायचं नाही. तिला चित्रं काढायची असत. भिंतीवर कोळशाने माणसं काढायची, पण चेहरा नेहमी शेवटी, आणि चेहऱ्यात डोळे सगळ्यात शेवटी. चित्रकलेच्या परीक्षा झाल्यावर ती शाळेत शिक्षिका व्हावी असं माझ्या मनात होतं. तिने पेणचं स्थळ पसंत केलं. मुलगा पुंडलिक, घरचा गणपतींचा कारखाना. मुलगा बघायला गेलो तेव्हा ती त्याच्याशी दोन वाक्यं बोलली असेल. बाकीचा वेळ ती सासऱ्यांच्या फळीवरच्या मूर्ती बघत होती. तिचे बाबा परतताना म्हणाले, हिने नवरा नाही, कारखाना पसंत केलाय.

सासरे काळुराम. मूळचे खाडीकडचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. लहानपणी पेणला येऊन माती मळायला लागले आणि पुढे स्वतः मूर्ती घडवू लागले. त्यांनी घडवलेल्या नमुन्यांवरून साचे काढलेले आहेत. त्यांतले दोन, एक पाटावर बसलेला आणि एक डोक्याला फेटा बांधलेला, इतके नाजूक आहेत की लोक ते मागून घेतात. आता त्यांचा हात कापतो. नवा नमुना त्यांच्याकडून होणार नाही, हे घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

डोळ्यांची आखणी त्यांनी मुलाला नाही, सुनेला शिकवली. पुंडलिक ते हसत सांगतो. म्हणतो, माझ्या हातचे गणपती सगळे झोपेतून उठल्यासारखे दिसायचे. शकू आखणीला बसली की कारखान्यात कुणी तिच्याशी बोलत नाही, तीही बोलत नाही. एकदा डोळे लागले की त्या घरात मूर्तीला माल म्हणत नाहीत. त्याआधी तडा गेला तर माती पुन्हा भिजवायची, पुन्हा साच्यात घालायची. डोळे लागल्यावर काही झालं तर ती पाण्यात सोडायची, आणि ठेवून द्यायची नाही. काळुरामांच्या घरची ही रीत आहे. पेणमधल्या सगळ्या कारखान्यांत असं आहे असं मी म्हणणार नाही.

चार वर्षांपूर्वी कारखाना शकूच्या नावावर झाला. यंदा जानेवारीत तिने मुंबईच्या एका निर्यातदाराशी करार केला, थोडी रक्कम आगाऊ घेतली. शाडूच्या मूर्ती, परदेशी जाणाऱ्या, म्हणून जूनच्या शेवटाला पोचवायच्या. त्या फेट्याच्या आणि पाटावरच्या मूर्तींचे मूळ साचे तारण म्हणून निर्यातदाराकडे ठेवायचे, कामापुरत्या नकला शकूकडे. शकूने वेळेत मूर्ती दिल्या नाहीत, तर साचे त्यांचे, आणि त्यांवरून ते हव्या त्या कारखान्यात मूर्ती काढून घेऊ शकतात. हे कलम मी वाचलं होतं. मला ते आवडलं नव्हतं. शकू म्हणाली, आई, मी वेळेत देणारच आहे.

आणि तिने दिल्याच असत्या. टाळेबंदीत तिचे कारागीर गावी गेले तरी तिने, पुंडलिकने आणि जावेने मिळून काम सुरू ठेवलं. एप्रिलमध्ये निर्यातदाराने विचारलं तेव्हा तिने लेखी कळवलं की घरचीच माणसं काम करतात, माल वेळेवर मिळेल. मेमध्ये त्यांचा माणूस पास काढून आला, फळ्यांवरच्या मूर्तींचे फोटो काढून गेला. मे संपता संपता सगळ्यांना डोळे लागले होते.

जूनच्या तीन तारखेला वादळ आलं. दुपारी वारा इतका वाढला की कारखान्याचे पत्रे एकामागून एक गेले. मे महिन्यातच नवे हूक मारून घेतलेले, ते पत्र्यासकट गेले. पुंडलिकने आणि शकूने ताडपत्री ओढली, तीही गेली. पाऊस सरळ फळ्यांवर पडला. शाडूला पाणी लागलं की काय होतं ते सांगायला नको. शकूने मला एवढंच सांगितलं, की रंग आधी खाली आला, मग बाकीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळुरामांनी टोपल्या मागवल्या. शेजारी म्हणाले, थांबा, पंचनाम्याला येतील, त्यांना बघू दे. काळुराम म्हणाले, "डोळं लागल्येत त्यांना. आसं उघड्यावर बघायला ठेवायचं नाय." घरच्या माणसांनी सगळं भोगावती नदीत सोडलं. तलाठी आले तेव्हा त्यांना उडालेलं छप्पर, मोडलेल्या फळ्या आणि धुतलेली जमीन दिसली. त्यांनी तेवढंच लिहिलं.

त्या दिवसांत वीज नव्हती, फोन लागत नव्हते. मला हे सगळं आठवड्याने कळलं, तेही नागोठण्यापर्यंत भाजी घेऊन जाणाऱ्या विठूकडून. विठू आमच्या गल्लीतला, त्याचा टेम्पो आहे. रस्ता मोकळा झाल्यावर मी त्याला म्हटलं, मला पेणला सोड. पडलेली झाडं बाजूला ओढून एकेरी वाट केलेली होती. कासूपासून पुढे विजेचे खांब शेतात आडवे पडले होते. विठू एरवी खूप बोलतो. त्या दिवशी गडबपर्यंत त्याने नुसते खांब मोजले.

शकू कारखान्यात बसली होती. वर आकाश. मला बघून उठली, चहा ठेवला, साखर बरोबर घातली. मग तिने मला मोबाईल दाखवला. निर्यातदाराच्या मॅनेजरचा फोन मध्येच एकदा लागला होता. चांगलं बोलले म्हणाली. त्यांनी सांगितलं, ताई, होत नसेल तर दोन ओळी व्हॉट्सॲपवर टाका, बाकीचं आम्ही बघतो. शकूने दोन ओळी टाकल्या होत्या: सर, क्षमा असावी, आमच्याकडून होणार नाही, ऑर्डर रद्द समजावी. शेजारी घड्याळाची खूण होती. रेंज नव्हती म्हणून तो मेसेज गेला नव्हता.

मी तो पुसला.

तिला सांगितलं, हे वाचणारा म्हणेल की हिने आपणहून नकार दिला. वादळाचा यात शब्दही नाही. करारात एक कलम आहे, आपल्या हाताबाहेरच्या घटनेमुळे ठरल्या तारखेला देणं अशक्य झालं, तर पंधरा दिवसांच्या आत, पुराव्यासह, लेखी नोटीस देऊन करार संपवता येतो. मग कुणावर दोष येत नाही आणि साचे परत मिळतात. नोटीस दिली नाही, किंवा चुकीची दिली, तर साचे गेले.

साचे म्हटल्यावर तिने काळुराम बसले होते त्या खोलीकडे बघितलं. म्हणाली, मग लिही.

मी म्हटलं, तू लिही, मी बघते. सही तुझी आहे.

तिने पानभर लिहिलं. पहिल्या ओळीत माफी. मग मजूर गेले, माती महाग झाली, वीज नाही, छप्पर उडालं, मूर्ती आम्ही नदीत सोडल्या, पुन्हा एकदा माफी. ते घेऊन आम्ही दिनानाथ वकिलांकडे गेलो. त्यांचं ऑफिस कोर्टाच्या मागे. वीज नसल्याने ते व्हरांड्यात टेबल टाकून बसले होते. मी ऐकू यावं म्हणून मास्क जरा खाली ओढला तर म्हणाले, "वर घ्या बाई. कोरोना नोटीस न देता येतो."

त्यांनी शकूचा कागद वाचला आणि पेन्सिल काढली. माफी दोन्हीकडची खोडली.

"माफी देवापुढं मागा. इथं मागितली की चूक कबूल केली."

मजूर, माती आणि वीजही खोडली. त्यांनी समजावलं ते असं. मजूर नाहीत, तरी आम्ही देतो, असं एप्रिलमध्ये तुम्हीच लिहून दिलंय. आता तेच कारण सांगितलंत तर समोरचा ते पत्र पुढे करेल. माती महाग होणं म्हणजे अवघड होणं, अशक्य होणं नव्हे, आणि महागाईसाठी कुठलाही करार सुटत नाही. चार कारणं दिली की समोरचा सगळ्यात लंगडं कारण निवडून त्याच्याशीच भांडतो. तुमचं कारण एकच आहे. वादळ. कधी आलं, त्याने काय केलं, त्यामुळे काय अशक्य झालं, ते टाळायला आणि त्यातून वाट काढायला तुम्ही काय केलंत. एवढंच.

त्यांनी विचारलं, छप्पर आधीपासून कच्चं होतं का? शकूने मेमधल्या दुरुस्तीचं सांगितलं, पत्रे बसवणाऱ्या शिवाचं नाव सांगितलं. पुन्हा मूर्ती करता येतील का, दुसरी जागा मिळेल का? तिने सांगितलं, आळीतल्या तीन कारखान्यांत विचारलं, त्यांचीही छपरं गेलीत. आणि जागा मिळाली तरी पावसात शाडू तेवढ्या दिवसांत वाळत नाही. वकील लिहीत होते. ती एखाद्या परीक्षेला तोंडी उत्तरं द्यावीत तशी बोलत होती.

मग ते शेवटच्या वाक्याशी आले. मूर्ती आम्ही नदीत सोडल्या. त्यांनी पेन्सिल टेकवली.

"हे काढायचं. वाचणारा म्हणेल, मूर्ती होत्या आणि यांनीच त्या टाकून दिल्या. वादळाचा संबंधच संपला."

"टाकल्या नाहीत, सोडल्या," शकू म्हणाली.

"कोर्टाला दोन्ही सारखंच, ताई."

"मग कोर्टाला विचारू दे. ते काढलं तर मी सही करणार नाही."

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मीही तिला समजावलं. ते लिहायलाच हवं असं करारात कुठे आहे? ती म्हणाली, त्यांनी मूर्ती दाखवा म्हटलं तर काय दाखवू? मामंजी खोटे ठरतील. त्यांनी सांगितलं म्हणून सोडल्या, आणि त्यांनी बरोबर सांगितलं. आवाज चढला नव्हता. त्या दिवसांत तिने एवढी एकच गोष्ट धरून ठेवली होती, म्हणून मी आग्रह सोडला.

वकिलांनाही ते पटलं, पण वेगळ्या कारणाने. म्हणाले, लपवलं आणि नंतर बाहेर आलं तर जास्त वाईट. ठेवू, पण क्रम बदलू. आधी वादळाने मूर्ती नष्ट झाल्या. मग, त्यानंतर, अवशेषांचं विसर्जन.

त्यांनी लिहिलं, मूर्ती नष्ट झाल्या. शकू म्हणाली, गणपती नष्ट झाले असं मी लिहिणार नाही. त्यांनी लिहिलं, निकामी झाल्या. तिने नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, राहिल्या नाहीत असं लिहा. वकील म्हणाले, राहिल्या नाहीत म्हणजे काय? विकल्या? चोरीला गेल्या? त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि कपाळ पुसलं.

मी कंपनीत इतकी वर्षं अशी पत्रं वाचलेली. मी म्हटलं, पुरवठा करण्याजोग्या राहिल्या नाहीत, असं लिहा. करार पुरवठ्याचा आहे. मूर्तीचं काय झालं ते त्यात सांगायचं नाहीच, आणि त्या देता येणार नाहीत हे मात्र पूर्ण सांगायचं. शकूने ते मनात म्हणून बघितलं. मग म्हणाली, चालेल.

करार इंग्रजीत होता म्हणून नोटीसही इंग्रजीत झाली. वकिलांकडे जुना टाइपरायटर होता. मीच टाइप केलं. मराठीत सांगायचं तर मजकूर साधारण असा होता. अमुक तारखेच्या करारातल्या अमुक कलमान्वये ही नोटीस. तीन जूनला दुपारी चक्रीवादळाने कारखान्याचं संपूर्ण छप्पर उडालं. पावसाच्या पाण्याने, आपल्या प्रतिनिधीने मेमध्ये तपासलेल्या सर्व मूर्ती त्याच दिवशी पुरवठा करण्याजोग्या राहिल्या नाहीत. त्यानंतर अवशेषांचं घरच्या धार्मिक प्रथेनुसार विसर्जन करण्यात आलं. छप्पर आदल्याच महिन्यात दुरुस्त केलेलं होतं. पर्यायी जागा शोधली, मिळाली नाही. उरलेल्या मुदतीत नव्या मूर्ती घडवून वाळवणं शक्य नाही. म्हणून सदर कलमान्वये करार या नोटिशीच्या तारखेपासून संपुष्टात आणण्यात येत आहे. आगाऊ रकमेचा हिशेब करारानुसार होईल. साचे परत करावेत. आमचे सर्व हक्क राखून. सोबत तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत.

वकील म्हणाले, पंचनाम्यात छप्पर आहे, मूर्ती नाहीत. मूर्ती त्यांच्याच माणसाच्या फोटोंत आहेत, त्याच छपराखाली. दोन्ही जोडून वाचले की पुरतं. शकूने सही केली. तिची सही लहानपणापासून चित्रासारखी असते. ही सरळ आली.

पोस्ट उघडं होतं. पोचपावतीसह रजिस्टर केलं, त्यांच्या नोंदणीकृत पत्त्यावर, कारण करारात तसंच होतं. ई-मेलनेही प्रत पाठवायची होती. शकूचं ई-मेल खातं मीच काढून दिलेलं, ते माझ्या फोनवर उघडतं. पेणला रेंज नव्हती. परतताना गडबजवळ हायवेला विठूने टेम्पो बाजूला घेतला. तिथे एका बंद दुकानापाशी फोनला दोन रेघा दिसल्या. कागदांचे फोटो जायला वेळ लागला. विठू म्हणाला, "काय पाठवताय गो काकी, गणपती का?" मी म्हटलं, गणपतीच समज.

हसावं असं काही माझ्यात उरलं नव्हतं. तो हसला, मीही त्याला सोबत म्हणून हसले.

त्यानंतर शकूशी रोज बोलते. वीज आली. नवे पत्रे बसले. पुंडलिक सांगतो, इतर कारखान्यांतून आखणीसाठी विचारायला लोक येतात, यंदा सगळ्यांनाच माणसं कमी आहेत. ती नाही म्हणते. हात दुखतो म्हणते. पुंडलिक म्हणाला, "आई, हात नाय दुखत तिचा. मी बघतो ना." काळुराम रोज विचारतात, साचे आले का? ती सांगते, येतील.

आज संध्याकाळी निर्यातदाराचं उत्तर आलं. माझ्याच फोनवर. सभ्य उत्तर आहे. नोटीस मान्य. करार संपला असं ते मानतात, शकूच्या बाजूने कसूर झाली असं म्हणत नाहीत. साचे परत करणार. हे पहिल्या परिच्छेदात.

दुसऱ्या परिच्छेदात विनंती आहे. परदेशातल्या मंडळांना त्यांनी शब्द दिलाय. साचे परत करण्याआधी, यंदापुरतं, फेट्याच्या आणि पाटावरच्या मूर्ती दुसऱ्या कारखान्यात प्लास्टरमध्ये काढून घ्यायला शकूने संमती द्यावी. उद्या दुपारपर्यंत कळवावं.

मी तीन वेळा वाचलं. दोन परिच्छेद वेगळे आहेत. मान्यता विनंतीवर अवलंबून नाही. नाही म्हटलं तरी साचे तिचेच. पण उत्तर गेलंच नाही, तर ते गप्प राहण्याचा काय अर्थ लावतील ते सांगता येत नाही. आणि एकदा ते साचे दुसऱ्याच्या कारखान्यात गेले, की तिथे किती मूर्ती निघाल्या आणि साच्यावरून साचा निघाला का, हे कोण बघणार?

म्हणून मी उत्तर लिहिलं. मान्यतेबद्दल आभार, संमती देता येत नाही, साचे तत्काळ पाठवावेत. तीन ओळी. कुठे सैल शब्द नाही. खाली तिचं नाव टाइप केलं. पाठवायचं बटण अंगठ्याखाली आहे. तिचे बाबा आतल्या खोलीत झोपलेत. मला कुणी विचारणार नाही.

पाठवत नाहीये ते याच्यासाठी, की व्हरांड्यात वकील आणि मी दोघंही एक वाक्य काढायला सांगत होतो तेव्हा तिने सही अडवून धरली होती. वादळानंतर ती माणसासारखी बोलली ती तेवढीच. उद्या तिला कळलं की तिच्या नावाने आईने नाही म्हटलं, तर ते उत्तर बरोबर असेल, पण तिचं नसेल.

आणि तिला विचारलं तर ती म्हणेल, घेऊ दे. त्याच आवाजात. ही भीती खरी आहे, त्यामुळेच मी इतका वेळ लिहीत बसले. घेऊ दे म्हणाली तर काळुरामांचे दोन गणपती प्लास्टरमधून निघतील आणि त्यांचे डोळे दुसरं कुणी आखेल. तिचा तो हक्क आहे. मी तिला काय म्हणायचं ते सांगणार नाही. आधी पहिला परिच्छेद वाचेन, मग दुसरा, मग मी लिहिलेल्या तीन ओळी, आणि म्हणेन, मामंजींना विचारायचं असेल तर विचार, सही तुझी आहे.

ती जागी असणार. पुंडलिक सांगतो, ती उशिरापर्यंत नव्या पत्र्यांखाली बसते. मी आता फोन लावते.